पावणेसहाची साखर

काशीराम घाडीगावकराच्या दुकानातली साखर रेशनची आहे, अशी कुजबुज पंच्याऐंशी सालच्या श्रावणात घाटकोपरच्या भटवाडीत सुरू झाली. नुसती रेशनची नाही, चोरीची. पहाटेच्या अंधारात दिवे बंद करून टेंपो येतो, गोण्या मागच्या दाराने आत जातात आणि गोणीवरचा सरकारी शिक्का काशीराम दाढीच्या ब्लेडने खरवडून काढतो, इथपर्यंत तपशील होता. ब्लेड कोणत्या कंपनीचं तेही एकाने सांगितलं. तो टेंपो कोणी पाहिला, असं विचारलं की जो तो शेजाऱ्याचं नाव घ्यायचा, आणि शेजारी त्याच्या शेजाऱ्याचं.

आता, काशीराम चोरी करेल हे मानायला मला पहिल्यापासून जड गेलं. चोरीला अक्कल लागते.

हा गृहस्थ मूळचा कणकवलीकडचा. वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मुंबईत आला, परळच्या एका गिरणीत साच्यांवर, म्हणजे मागांवर, लागला आणि तेवीस वर्षं साच्यांच्या खडखडाटात उभा राहिला. त्या खडखडाटाने त्याचे कान अर्धे गेले होते, आणि आवाज दुप्पट झाला होता. हळू बोलणं म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं. संप झाला, गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा याला परत घेतलं नाही, आणि फंडाची रक्कम हातात आली. ती घेऊन दुसरा एखादा गावी गेला असता, काजूची चार कलमं लावून गप्प बसला असता. काशीरामला वाटलं आपण शेठ व्हावं. का वाटलं? तर आयुष्यभर त्याने शेठ लोक गादीवर बसलेलेच पाहिले होते. बसून राहणं जमेल, असा त्याचा हिशेब.

गाळा त्याच्या मेहुण्याचा. मेहुणा म्हणजे जयवंत तावडे, काशीरामच्या बायकोचा, वनमालाचा, थोरला भाऊ. बँकेत हेड कॅशियर. दुसऱ्याच्या नोटा मोजून मोजून स्वतःला श्रीमंत समजायला लागलेला माणूस. त्याने गाळा दिला तो बहिणीकडे बघून, आणि देतानाच अट घातली. अक्षय्य तृतीयेला उद्घाटनाचा नारळ फुटला, खोबऱ्याचा तुकडा तोंडात असतानाच म्हणाला, "भावोजी, दिवाळीपर्यंत. दिवाळीच्या आत रोजचा गल्ला पाचशेच्या वर गेला तर दुकान तुमचं, भाडं जमेल तेव्हा द्या. नाही गेला तर गाळा व्हिडिओवाल्याला. तो आत्ताच दुप्पट द्यायला तयार आहे."

त्या वर्षी घाटकोपरात गल्लीगल्लीत व्हिडिओ पार्लरं निघत होती. काळा पडदा लावायचा, आत बाकडी टाकायची आणि दिवसाला चार खेळ. तेव्हा ही धमकी पोकळ नव्हती. काशीराम मात्र हसला. "पाचशे? माका हजार करून दाखवचे असत."

दुकानाचं नाव श्री रवळनाथ किराणा स्टोअर्स. पाटीवर देव, काउंटरवर काशीराम, आणि समोर रस्त्यापलीकडे हंसराजभाईंचं दुकान, जे वीस वर्षं तिथे होतं. हंसराजभाई कच्छी. शांत, बारीक, बंडीतला माणूस. समोर दुकान उघडलं तेव्हा तो स्वतः पेढ्याचा पुडा घेऊन आला होता. काशीरामला वाटलं, घाबरला.

वैशाख गेला, ज्येष्ठ गेला, आषाढ गेला. गल्ला सव्वाशे, दीडशे. लोक हंसराजभाईंकडे जात राहिले. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बायका सामानाची यादी लिहायच्या आणि त्यांच्या दुकानी टाकायच्या, संध्याकाळी सामान घरात. वीस वर्षांची सवय कोण मोडणार? काशीरामकडे यायचे ते हंसराजभाईंचं दुकान बंद असलं तर, काडेपेटी घ्यायला. मराठी माणसाच्या दुकानात मराठी माणूस येत नाही म्हणून काशीराम दिवसभर काउंटरवरून समाजाला शिव्या घालायचा. समाज समोरून साबण घेऊन जायचा.

मग एक दिवस तो दादरला कोणाच्या बारशाला गेला. तिथल्या एका मोठ्या भांडारात त्याने खोबरेल तेलासाठी लागलेली रांग पाहिली. तेल बाजारापेक्षा दीड रुपयाने स्वस्त होतं. काशीराम रांगेच्या टोकाशी दहा मिनिटं उभा राहिला आणि त्याला साक्षात्कार झाला. रांगेतले लोक तेल घेतल्यावर पुढे काय करतात, पिशवीत आणखी काय काय भरून बाहेर पडतात, हे बघायला तो थांबला नाही. बारशाचं जेवण होतं ना.

घरी येऊन वनमालाला म्हणाला, "उद्यापासून साखर पावणेसहानी."

वनमाला म्हणजे कमी बोलणारी, उंच, सावळी बाई. गिरणी बंद असताना चार घरची पापड-मसाल्याची कामं करून तिने घर चालवलं होतं. ती म्हणाली, "अहो, आपल्याला मशीद बंदरच्या घाऊक बाजारातच सहा-चाळीसला पडते. हमाली, टेंपो वेगळा."

"मग?"

"मग किलोमागे पासष्ट पैसे आपण आपल्या खिशातून देणार."

"धंदा तुका काय कळता? गर्दी होऊक व्हयी. गर्दी झाली की बाकीचा माल आपोआप जाता."

त्या 'आपोआप'वर त्याचं सगळं अर्थशास्त्र उभं होतं. साखर निवडली हे मात्र त्याच्या हातून बरोबर झालं, तेही चुकून. धण्याचा भाव काय, हिंगाचा काय, मोहरीचा काय, हे दहा बायकांना विचारा, नऊ जणी अंदाजे सांगतील. साखरेचा भाव बाईला झोपेतून उठवून विचारा, पैशात सांगेल. रेशनवर साखर स्वस्त, पण माणशी महिन्याला सव्वाचारशे ग्रॅम. ती दहा दिवसांत संपायची, आणि मग वीस दिवस खुल्या बाजारात सहा-नव्वद मोजायचे. म्हणून पावणेसहाची पाटी वाचून कोणाचाही पाय थबकणार हे नक्की.

थबकला. आणि तिथेच थांबला.

पहिला आठवडा लोक यायचे, गोणीत बोट घालायचे, चार दाणे जिभेवर ठेवायचे आणि घरी जायचे. यात काहीतरी आहे. रवा मिसळलाय. ओली आहे, वजन वाढवलंय. काटा मारतो. किलोमागे रुपया पंधरा पैसे कोणी उगाच सोडतो का? आमच्या भटवाडीत सत्यवादी माणूस भेटला असता तर लोकांनी आधी त्याचा काटा तपासला असता. आठ दिवसांत अर्धी गोणी गेली. म्हणजे पन्नास किलो. त्यातली निम्मी काशीरामच्या गाववाल्यांनी भिडेखातर नेलेली.

आणि मग ती कुजबुज सुरू झाली. साखर रेशनची आहे, चोरून आणलेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी काशीरामने दार उघडलं तर बाहेर अकरा बायका. तिसऱ्या दिवशी रांग वळणापर्यंत. ज्यांना खरी साखर स्वस्त मिळते यावर विश्वास ठेवायला जड जात होतं, त्यांचा चोरीची साखर स्वस्त मिळते यावर झटकन विश्वास बसला. चोरीची म्हणजे अस्सल. सरकारी म्हणजे स्वच्छ. आणि आज आहे उद्या नाही, पकडला गेला की संपलं, तेव्हा घेऊन ठेवा. एरवी सत्यनारायण घालणाऱ्या बायका पदराआड पिशवी लपवून यायच्या आणि काशीरामकडे बघून अशा काही डोळे मिचकवायच्या की तो गोंधळून जायचा. त्याला वाटायचं, आपण या वयातही बरे दिसतो.

आमच्या घरात नाही आली असं म्हणत नाही. माझ्या बायकोने, नलिनीने, चार किलो आणली. चहा झकास झाला.

काशीरामच्या कानावर ही कुजबुज गेली नाही, कारण त्याच्या कानावर हळू बोललेलं काही जातच नसे. आणि तोंडावर कोण बोलणार? साखर बंद झाली असती.

पण रांग लागली म्हणून गल्ला वाढला का? तोट्याची साखर जयवंत गल्ल्यात धरतच नव्हता, फक्त बाकीचा माल. आता याची दुकानदारी ऐका. बाई काउंटरशी आली की, "किती?" बाई म्हणाली दोन किलो, की हा गोणीत फावडी खुपसायचा. गोणी दाराशीच ठेवलेली, सगळ्यांना दिसावी म्हणून. काट्यावर टाकायचा, कागदाच्या पिशवीत ओतायचा, काउंटरवर आपटायचा आणि ओरडायचा, "पुढे."

संपलं. 'पुढे.' साच्यावर धागा तुटला की जोडायचा आणि पुढच्या साच्याकडे जायचं, तशी त्याची विक्री. दिवसाला दीडशे किलो साखर उडायची. शंभरावर रुपये खड्ड्यात जायचे. डाळ, चहा, मसाला, साबण फळीवर धूळ खात. एका बाईने एकदा भीत भीत विचारलं, "जिरं आहे का हो?" तर म्हणाला, "आधी साखरेची रांग सरू दे."

माणूस तोटा करून गिऱ्हाईक दारापर्यंत आणतो आणि मग तिला हाकलतो, याला दुसरं उदाहरण मी माझ्या आयुष्यात पाहिलेलं नाही.

रांगेत रोज एक पोरसवदा हमाल दोनदा, तीनदा यायचा, दर वेळी दहा किलो न्यायचा. काशीराम खूश. मोठं गिऱ्हाईक. वनमाला एकदा खिडकीतून बघत उभी राहिली. हमाल रस्ता ओलांडून सरळ हंसराजभाईंच्या मागच्या दाराने आत गेला. हंसराजभाईंनाही घाऊकला सहा-चाळीसच पडायची. इथे पावणेसहानी मिळते तर मशीद बंदरला कशाला जायचं? काशीरामचीच साखर ते सहा-नव्वदनी विकत होते, तीही टेंपोचं भाडं न देता.

वनमालाने सांगितलं तेव्हा काशीराम रस्त्याच्या मधोमध उभा राहून गरजला. हंसराजभाई शांतपणे बाहेर आले.

"काशीरामभाई, तुमी भाव लिवला, मी माणूस पाठवला. यात काय गुन्हा झाला?"

"लाज नाय वाटत?"

"एक सांगू काय. साखरमधी कोणी कमवत नाय. साखरमधी फक्त माणूस येते. आलेला माणूसचा काय करायचा, ते दुकानदारी." आणि ते आत जाऊन उदबत्ती लावायला लागले.

काशीरामने यातून काय घेतलं? काही नाही. वनमाला उंबऱ्यात उभी होती. तिने सगळं घेतलं.

देवाची कृपा म्हणा, गणपती आले. कोकणातला माणूस दुकान जळत असलं तरी गणपतीला गावी जातो, आणि वडिलांच्या घरचा गणपती आपल्याशिवाय उठत नाही असं काशीरामचं ठाम मत. तो पंधरा दिवसांसाठी गेला. जाताना म्हणाला, "फक्त साखर देत रव. बाकीचा माझ्यावर सोड."

तो एसटीत बसला आणि वनमालाने पहिलं काम केलं ते गोणी हलवण्याचं. दाराशी होती ती सगळ्यात मागे, तेलाच्या डब्यांपलीकडे. म्हणजे प्रत्येक किलोसाठी तिला आत जाऊन यावं लागे, आणि तोवर गिऱ्हाईक काउंटरशी उभं. समोर उघड्या पसरट डब्यांत तिने शेंगदाणे, खोबऱ्याच्या वाट्या, आणि स्वतः कुटलेला मालवणी मसाला मांडला. वास असा, की रस्त्यावरून जाणारा माणूस वळावा. दुसरं, पाटीवर लिहिलं: घरटी दोन किलो. हंसराजभाईंचा हमाल आला, त्याला दोन किलो हसत बांधून दिली. आणि तिसरं म्हणजे, साखरेची पुडी काउंटरवर ठेवून ती सोडायची नाही. हात पुडीवर, आणि विचारायचं, "आणि?"

इतकंच. आणि?

आता त्या एका शब्दाचा हिशेब सांगतो, कारण तो काशीरामला मरेपर्यंत मांडता आला नाही. दोन किलो साखरेमागे वनमाला एक रुपया तीस पैसे घालवत होती, वर हमाली. बाकीच्या मालात रुपयाला सरासरी दहा पैसे सुटायचे. साबणात कमी, मसाल्यात जास्त. म्हणजे दर बाईने तेरा-चौदा रुपयांचं दुसरं काही घेतलं तर बरोबरी, त्याच्या वर घेतलं तर कमाई. 'आणि?' म्हटल्यावर दहातल्या सहा बायका काहीतरी आठवायच्या. अगं हो, डाळ संपलीय. चहाची भुकटी दे पाव किलो. तो मसाला घरचा आहे का गं? उरलेल्या चौघी फक्त साखर घेऊन जायच्या, आणि वनमाला त्यांनाही तेवढ्याच गोडीने म्हणायची, "या हं."

शिवाय तिने तुरीच्या डाळीचा भाव सात-साठचा सात-ऐंशी केला. हंसराजभाईंपेक्षा नेमके वीस पैसे जास्त. साखरेत रुपया पंधरा पैसे वाचवणारी बाई डाळीतले वीस पैसे बघत नाही. तिला स्वतःच्या हुशारीचा इतका आनंद झालेला असतो.

गौरी गेल्या तोवर गल्ला चारशेवर गेला होता. अनंत चतुर्दशीनंतर काशीराम परत आला तेव्हा चारशे साठ. त्याने वही पाहिली, पाटावर मांडी घातली आणि म्हणाला, "बघलंस? माझी आयडिया."

वनमालाने वही मिटली. काउंटर मात्र तिने सोडला नाही. काशीरामला खुर्ची दिली, दाराशी. तिथे बसून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला धंद्याची तत्त्वं सांगायचा.

आणि तिथेच घात झाला. खुर्ची दाराशी, रांग दाराशी. एका म्हाताऱ्याने त्याच्या कानाशी तोंड नेऊन, बहिऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "घाडीगावकर, माल किती दिवस पुरेल अजून? नाही, रेशन ऑफिसात कोणाला संशय यायच्या आत रोज दोन-दोन किलो घेऊन ठेवतो."

काशीराम उभा राहिला. "कसलो माल? कसलो संशय?"

मग त्याला सगळं कळलं. टेंपो, ब्लेड, शिक्का, सगळं. आम्हाला वाटलं होतं, गप्प बसेल. पाचशेचा आकडा चाळीस रुपयांवर होता, दिवाळी तीन आठवड्यांवर. कोणत्याही शहाण्या माणसाने कपाळावर हात मारून घेतला असता, नाहीतर हसून घेतलं असतं. काशीरामची अब्रू जागी झाली. तेवीस वर्षं गिरणीत राहून सुताची बॉबिनसुद्धा घरी न आणलेला माणूस, चोर?

"माझी साखर चोरीची? कोण म्हणता ता माझ्यासमोर येवून म्हणू दे."

"अहो, राहू द्या ना," वनमाला म्हणाली. "लोक बोलतात ते बोलतात. येतायत ना?"

"मी सरकारी माणसाकडून सर्टिफिकेट आणतंय."

आणि खरंच गेला. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात मशीद बंदरची बिलं. शिधावाटप कार्यालयात जाऊन स्वतःच्याच दुकानाची तक्रार नोंदवणारा भारतातला हा पहिला दुकानदार असावा. तिथले साहेब बिचारे दोनदा विचारते झाले, की तुम्ही तक्रारदार की आरोपी. हा म्हणाला, दोन्ही.

शनिवारी इन्स्पेक्टर आले. रांग होतीच. त्यांनी बिलं पाहिली, गोण्या मोजल्या, गोणीवरचे कारखान्याचे शिक्के पाहिले, वजनं तपासली. सगळं चोख. काशीरामने त्यांना सोडलं नाही. "साहेब, मोठ्यान सांगा. सगळ्यांका ऐकू जाऊ दे."

इन्स्पेक्टर वैतागले होते. म्हणाले, "माल खुल्या बाजारातला आहे. बिल आहे. हा माणूस सहा-चाळीसला आणतो आणि पावणेसहाला विकतो. तोट्यात विकायला कायद्याने बंदी नाही." आणि चहाही न घेता निघून गेले.

काशीराम छाती काढून उभा, आता टाळ्या पडतील म्हणून. टाळ्या कसल्या? लोकांचे चेहरे असे पडले, जसं काही त्यांच्याच घरी चोरी झाली. दोन महिने चोरीच्या साखरेचा चहा पिण्यात जी मजा होती ती गेली. साधी बिलाची साखर. आणि लगेच दुसरा विचार. हा तोट्यात विकतोय, तर आपल्याकडून कुठे काढतोय?

हे तोंडाने बोलली सोनूबाई. सोनूबाई म्हणजे डोंगराच्या अंगाला राहणारी, नगरकडची. नवरा भीमराज म्युनिसिपालिटीत. त्या रांगेत अक्कल शाबूत असलेली तीच एक. ती रांग सोडून रस्ता ओलांडून गेली, हंसराजभाईंच्या पाटीवर डाळीचा भाव वाचला आणि परत आली.

"वनमाला, डाळ सात-ऐंशी कशी गं? समोर सात-साठ आहे."

वनमालाने मान खाली घातली नाही. "हो. वीस पैसे जास्त लावलेत."

"म्हणजे साखरेचे तू डाळीत काढते."

"थोडे."

बायकांना एवढं पुरे होतं. फसवलं, लुबाडलं, गरिबाच्या ताटातली डाळ काढली. दोन महिने रुपया पंधरा पैशांनी स्वस्त साखर नेताना ज्यांच्या मनाला काही लागलं नव्हतं, त्या वीस पैशांसाठी रडकुंडीला आल्या. दोघींनी पुडीतली डाळ परत गोणीत ओतली. साखर मात्र एकीनेही परत केली नाही.

दुसऱ्या दिवशी रांग होती, पण फक्त साखरेची. 'आणि?' म्हटलं की बायका ओठ मुडपून म्हणायच्या, "बास." गल्ला दोनशेवर आला. बुधवारी जयवंत तावडे आला, सोबत व्हिडिओवाला. व्हिडिओवाला टेप घेऊन भिंत मोजायला लागला, पडदा कुठे, बाकडी किती. काशीराम खुर्चीत बसून होता. म्हणाला, "समाज नालायक आसा." पहिल्यांदाच तो हळू बोलला.

"भावोजी, समाजाचं सोडा. बारा दिवस राहिले," जयवंत म्हणाला.

वनमाला खडू घेऊन पाटीशी गेली. "दादा, बारा दिवस माझे आहेत ना? मग त्यांना म्हणावं टेप गुंडाळा. टेप लागून शेंगदाण्याचा डबा पडतोय."

तिने जुना मजकूर पुसला आणि लिहिलं: साखर पावणेसहा, फराळाच्या सामानाबरोबर, घरटी पाच किलो. नुसती साखर सहा-नव्वद. तूरडाळ सात-साठ. सोनूबाई तेव्हा समोरूनच चालली होती. वनमालाने तिला हाक मारली.

"सोनूबाई, वाच. आता लपवलेलं काही नाही. साखरेत मी मार खाणार, बेसन, रवा, मैदा, खोबऱ्यात मला चार पैसे सुटणार. यादी आणलीस तर तुझाही फायदा, माझाही."

सोनूबाईने कमरेवर हात ठेवून सगळी पाटी वाचली. "हे पहिल्यांदाच लिहिलं असतंस तर?"

"पहिल्यांदा कोणी वाचलं नसतं."

सोनूबाई हसली. तिसऱ्या दिवशी यादी घेऊन आली, आणि सोबत तिच्या आळीतल्या सहा जणी. फराळाच्या सामानात साखर पाच किलो जातेच. पावणेसहा रुपये वाचतात हे कळायला कोणाला शाळा लागत नाही. ज्या बायका वीस पैशांसाठी अश्रू ढाळत होत्या त्या अश्रू पुसून याद्या घेऊन आल्या. आणि ज्या यादीत बेसन, रवा, तूप, वेलची, खोबरं होतं, तीत पाच किलो साखरेचा तोटा कुठे गेला तेही कळत नव्हतं. वसुबारसेच्या आदल्या दिवशी गल्ला आठशे चाळीस. वसुबारसेला अकराशे. जयवंतने दोनदा मोजला, सवयीने. व्हिडिओवाल्याने विक्रोळीला दुसरा गाळा घेतला.

दिवाळीनंतर निम्म्याअधिक बायकांच्या महिन्याच्या याद्या वनमालाकडेच येत राहिल्या. साखर पुन्हा सहा-नव्वद झाली, कोणी विचारलंही नाही.

काशीराम मग शेठ झाला. म्हणजे खुर्चीवर गादी आली. गावाच्या मंडळाने त्याला सत्काराला बोलावलं, तिथे त्याने 'मराठी माणसाने धंदा कसा करावा' यावर पाऊण तास भाषण केलं, माईक नसताना. वनमाला दुकानात होती, सणाचा दिवस होता. भाषणात त्याने 'साखरेची माझी आयडिया' सात वेळा सांगितली, आणि 'आणि?' एकदाही नाही. श्रोत्यांतल्या दोघांनी तिथून प्रेरणा घेऊन दुकानं काढली. एक सहा महिन्यांत बुडाला, दुसरा चारच महिन्यांत.

आणखी चौदा वर्षं तो त्या खुर्चीत बसला. त्या चौदाही वर्षांत त्याने समोरच्या हंसराजभाईंशी एक शब्द बोलला नाही. ती बदनामी त्यांनीच केली, यावर त्याची श्रद्धा रवळनाथापेक्षा मोठी. येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचा, "माझी अब्रू घेवक बघलान. पण मी सरकारी माणूस आणून सिद्ध केलंय." हंसराजभाई वारले तेव्हा अंत्ययात्रा दुकानासमोरून गेली, हा उठला नाही. वनमाला मात्र शटर अर्धं ओढून बाहेर येऊन उभी राहिली, आणि बराच वेळ उभी राहिली. लोकांनी तिचं मोठं मन म्हणून कौतुक केलं. पुढच्या वर्षी काशीरामही गेला, खुर्चीतच, दुपारी.

साखर मशीद बंदरची होती, रोख बिलावर आणलेली, आणि दुपारी चारला पुढच्या दाराने उतरत होती. ती रेशनची आणि चोरीची आहे असं पहिल्यांदा सांगितलं ते वनमालाने, नळावर, आमच्या नलिनीला, आणि कोणाला सांगू नका म्हणाली.